आमच्या उन्हाळी टॅली-जीएसटी वर्गाचा कागद फलकावर लावण्यापूर्वी: प्राचार्यांना खुले पत्र

मा. प्राचार्य व वाणिज्य विभागप्रमुख यांस,
सांगली, मिरज आणि आसपासच्या तालुक्यांतील महाविद्यालये

स.न.वि.वि.

परीक्षा संपत आल्या की तुमच्या सूचनाफलकावर खासगी वर्गांचे कागद चिकटू लागतात. ‘45 दिवसांत अकाउंटंट व्हा’, ‘शासनमान्य सर्टिफिकेट’, ‘नोकरीची हमी’. कागद कॉलेजच्या फलकावर दिसला की विद्यार्थी आणि त्याचे आईवडील असे धरून चालतात की कॉलेजने चौकशी केलेली आहे. तासगाव किंवा कवठेमहांकाळहून आलेले वडील खिशातून फी काढतात ती या विश्वासावर. म्हणून यंदा आमच्या उन्हाळी वर्गाचा कागद तुमच्याकडे पाठवताना त्यासोबत हे पत्र जोडत आहोत. वर्गात काय शिकवतो, किती पैसे घेतो, ते कुठे जातात आणि शेवटी जो कागद देतो त्याची किंमत काय, हे सगळे यात आहे. वाचून मगच आमचा कागद लावायचा की नाही ते ठरवा. हेच प्रश्न बाकीच्या वर्गांनाही विचारा, अशी विनंती आहे.

वर्ग बी.कॉम.चे किमान एक वर्ष झालेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. बारावी वाणिज्य चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेल्यालाही घेतो. ज्याने जमा-खर्चाचा विषय कधीच शिकलेला नाही त्याला मात्र आम्ही नको म्हणतो. सहा आठवड्यांत त्याला बटणे पाठ होतील, पण कोणती रक्कम नावे टाकायची आणि कोणती जमा, हे कळणार नाही.

मेच्या पहिल्या सोमवारी सुरुवात होते. पुढे सहा आठवडे, सोमवार ते शनिवार, सकाळी 8 ते 10.30. म्हणजे 36 दिवस आणि 90 तास. मध्ये सणाची सुट्टी आली तर तो दिवस शेवटी भरून काढतो. तरीही जूनच्या मध्यापर्यंत वर्ग संपतो आणि पुढच्या वर्षाच्या प्रवेशाच्या धावपळीत कोणी अडकत नाही. सकाळची वेळ ठेवण्याचे कारण केवळ ऊन नाही. मेमध्ये आपल्याकडे वळीव येतो तो बहुतेक दुपारनंतर, आणि वादळ सुटले की वीज जाते. नोंदी चालू असताना संगणक अचानक बंद पडला तर टॅलीतील कंपनीचा डेटा बिघडू शकतो. सात वाजता सुरू करावे असेही सुचवले गेले होते, पण बाहेरगावच्या मुलामुलींना एसटीने तितक्या लवकर पोचणे जमत नाही. रोज वर्ग सुटण्यापूर्वी शेवटची पाच मिनिटे बॅकअपची. प्रत्येकाने Alt+Y दाबून Backup घ्यायचा आणि स्वतःच्या पेनड्राइव्हवर न्यायचा. दुसऱ्या दिवशी संगणकावरचा डेटा उघडला नाही, तर आदल्या दिवसाचे काम पुन्हा करावे लागत नाही.

एका तुकडीत 12 जण, कारण आमच्याकडे संगणक 12 आहेत. एका संगणकावर दोघे बसले की एकच जण शिकतो आणि दुसरा बघत राहतो. हे पहिल्या आठवड्यात कळत नाही. चाचणीच्या दिवशी मात्र बघणारा कोण होता ते लगेच समजते.

आता सॉफ्टवेअरविषयी, कारण वर्ग खरा की नुसता दिखाऊ हे इथे पाच मिनिटांत ओळखता येते. टॅली प्राइम लायसन्सशिवायही उघडतो, पण तेव्हा तो Educational प्रकारात चालतो. या प्रकारात नोंद करायला महिन्याच्या फक्त 1, 2 आणि 31 या तारखा मिळतात. विक्रीचे एखादे बिल कसे टाकायचे एवढेच शिकवायचे असेल तर तेवढे पुरते. पण दुकानाचा एक अख्खा महिना त्यात बसत नाही. 29 तारखेला आपण दिलेला धनादेश पुढच्या महिन्याच्या 3 तारखेला वटला, ही साधी गोष्टही त्यात खऱ्या तारखांनी दाखवता येत नाही. मग बँक जुळवणी कधी शिकवणार? आमचे बाराही संगणक लायसन्सच्या टॅलीवर चालतात. तुम्ही कोणत्याही वर्गाची पाहणी करायला गेलात तर एकच करा. एका संगणकावर 17 तारखेचे विक्रीचे बिल टाकून दाखवायला सांगा. ते टाकता आले नाही तर विद्यार्थ्यांची फी कशासाठी घेतली जात आहे, हे तिथेच विचारता येईल.

फी 5,400 रुपये. बाराही जणांनी पूर्ण फी भरली तर 64,800 होतात. शिकवणाऱ्याचे मानधन तासाला 350 प्रमाणे 31,500. मुलांच्या पाठीमागे उभे राहून चुका दाखवणाऱ्या सहायकाला तासाला 120 प्रमाणे 10,800. सहा आठवड्यांचे जागाभाडे आणि वीज 9,000. लायसन्सच्या खर्चातला या तुकडीच्या वाट्याचा भाग 6,000. बिले, बँकेचे उतारे आणि सरावाचे कागद छापायला माणशी 200 प्रमाणे 2,400. सगळे मिळून 59,700. उरलेले 5,100 संगणकांच्या दुरुस्तीत आणि बॅटऱ्यांत जातात. प्रवेश 10 पेक्षा कमी झाले तर तोटा आम्हाला झेपत नाही. अशा वेळी वर्ग सुरू होण्याआधीच सांगून भरलेले पैसे पूर्ण परत देतो.

फी दोन हप्त्यांत घेतो. प्रवेशाच्या वेळी 2,700 आणि तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी 2,700. पहिल्या सहा दिवसांत कोणी सोडून गेले तर पहिल्या हप्त्यातले हजेरीच्या दिवसांचे 150 रुपये रोजप्रमाणे कापून बाकी परत. त्यानंतर सोडल्यास पहिला हप्ता परत मिळत नाही, दुसरा मात्र मागितला जात नाही. परीक्षा फी, प्रमाणपत्र फी, पुस्तकाचे पैसे असे वेगळे काही नाही. जाहिरातीत 2,999 आणि शेवटी ‘सर्टिफिकेट चार्जेस’ म्हणून आणखी दोन हजार, असा प्रकार चालतो. पालकांना सर्वांत जास्त मनस्ताप याच गोष्टीचा होतो, कारण तोवर वर्ग संपलेला असतो आणि नाही म्हणायला जागा उरत नाही.

फीच्या पावतीकडे बघायला आम्ही पहिल्याच दिवशी शिकवतो. खासगी प्रशिक्षणाच्या फीवर 18 टक्के जीएसटी लागतो, पण वर्ग चालवणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणी घ्यावी लागत नाही. नोंदणी नसलेल्याला जीएसटी गोळा करण्याचा अधिकार नाही. आमची नोंदणी नाही, म्हणून आमच्या पावतीवर 5,400 एवढीच रक्कम असते. नोंदणी असलेला वर्ग याच फीवर 972 रुपये कर लावून 6,372 घेईल आणि तेही बरोबरच आहे. फक्त पावतीवर त्याचा 15 अक्षरांचा जीएसटी क्रमांक हवा. महाराष्ट्रातल्या क्रमांकाची सुरुवात 27 ने होते, पुढची दहा अक्षरे पॅनची असतात. gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये तो क्रमांक टाकला की नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे कोणालाही पाहता येते. ‘जीएसटी एक्स्ट्रा’ म्हणून पैसे घेतले आणि पावतीवर क्रमांकच नाही, तर त्या वर्गात जीएसटी शिकायला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शिकवण्याचा क्रम थोडक्यात सांगतो. पहिला आठवडा संगणक फारसा उघडत नाही. वहीत रोजकीर्द आणि खतावणी लिहायची, हाताने तेरीज जुळवायची. पालकांची तक्रार येते की संगणकाचा कोर्स लावला आणि पोरगे वहीच घेऊन येते. पण दुसऱ्या आठवड्यात टॅलीत खाती उघडायला घेतली की हे का केले ते लक्षात येते. खाते कोणत्या गटात टाकायचे ते टॅली सांगत नाही. माल आणताना दिलेली 1,500 रुपयांची हमाली Indirect Expenses मध्ये टाकली तर टॅली ती निमूट घेतो. तेरीज जुळते, निव्वळ नफाही बरोबर येतो, फक्त ढोबळ नफा 1,500 ने फुगतो. ती रक्कम Direct Expenses मध्ये असायला हवी होती. वहीत व्यापारी खाते आणि नफा-तोटा खाते वेगवेगळे लिहिलेल्या मुलाला ही चूक दिसते, इतरांना दिसत नाही.

तिसऱ्या आठवड्यात माल, खरेदी आणि विक्री. चौथा आठवडा पूर्ण जीएसटीचा. इथे एक उदाहरण सविस्तर लिहितो, म्हणजे 90 तासांत मुले नेमकी कशाशी झगडतात ते तुम्हाला कळेल. आकडे सरावासाठी ठरवलेले आहेत, बाजारभाव नव्हेत.

सांगलीतला हळदीचा एक व्यापारी समजा. त्याने निजामाबादच्या व्यापाऱ्याकडून 10 क्विंटल वाळलेली हळद 14,000 रुपये दराने घेतली. माल 1,40,000 चा. वाळवून तयार केलेल्या हळदीवर 5 टक्के कर आहे, ओल्या ताज्या हळदीवर नाही. निजामाबाद तेलंगणात, म्हणजे व्यवहार दोन राज्यांमधला, म्हणून आयजीएसटी 7,000 आणि बिल 1,47,000 चे. मग त्याने 2 क्विंटल कोल्हापूरच्या दुकानदाराला 15,500 दराने विकली. 31,000 वर सीजीएसटी 775, एसजीएसटी 775, बिल 32,550. याच दराने 3 क्विंटल बेळगावच्या दुकानदाराला विकली. माल 46,500 चा, कर 5 टक्क्यांनी 2,325, बिल 48,825.

चूक होते ती या तिसऱ्या बिलात. तीही मुलांच्या ढिलाईमुळे नव्हे. सांगलीच्या मुलाला बेळगाव परके वाटत नाही. तिथे नातेवाईक असतात, बोलणे मराठीत होते, बिलावरचे नावही ओळखीच्या घरातले वाटते. खाते उघडताना तो राज्याच्या रकान्यात Maharashtra तसेच राहू देतो. टॅली मग 2,325 चा आयजीएसटी न लावता 1,162.50 सीजीएसटी आणि 1,162.50 एसजीएसटी लावतो.

आता ही चूक पकडायची कशी, हे बघा. बिलाची एकूण रक्कम 48,825 च राहते, त्यामुळे दुकानदाराशी उधारी जुळते. तेरीज जुळते. महिन्याचा कर काढला तरी काही दिसत नाही. बरोबर नोंदीत खरेदीवर दिलेल्या आयजीएसटीचे 7,000 क्रेडिट आधी 2,325 च्या आयजीएसटीला वापरायचे, उरलेल्या 4,675 मधून कोल्हापूरच्या बिलाचे 775 आणि 775 भागवायचे, शिल्लक 3,125. चुकीच्या नोंदीत 7,000 मधून 1,937.50 सीजीएसटी आणि 1,937.50 एसजीएसटी भागवले, तरी शिल्लक 3,125 च येते. रोख काही भरायचे नाही, शिल्लक तीच, सगळे आकडे गुण्यागोविंदाने नांदतात. आणि तरीही कर्नाटकाच्या वाट्याचा कर महाराष्ट्राच्या खात्यात गेलेला असतो.

त्रास पुढे सुरू होतो. बेळगावच्या दुकानदाराला हे बिल त्याच्या जीएसटीआर-2बी मध्ये, म्हणजे खरेदीवरच्या क्रेडिटच्या मासिक उताऱ्यात, दिसते, पण क्रेडिट न मिळणाऱ्यांच्या यादीत, कारण पुरवठ्याचे ठिकाण महाराष्ट्र आणि घेणारा कर्नाटकातला. त्याचे 2,325 अडकतात आणि तो पुढचे पैसे रोखतो. सांगलीच्या व्यापाऱ्याला वेळेत लक्षात आले तर पुढच्या जीएसटीआर-1 मध्ये बिल दुरुस्त करता येते. उशीर झाला तर योग्य कर वेगळा भरायचा आणि चुकून भरलेला परत मागायचा, असा कायद्यातला मार्ग आहे. त्यात योग्य करावर व्याज लागत नाही, पण अर्ज, कागद आणि हेलपाटे लागतातच. या तीन बिलांचा अभ्यास मुले वर्गात दोनदा करतात. एकदा चुकवून, एकदा बरोबर. ताडून पाहायची सवय मात्र एकच लावतो. प्रत्येक विक्रीच्या बिलात तीन गोष्टी एका ओळीत बघायच्या: गिऱ्हाइकाच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक, Place of Supply, आणि कराचा रकाना. क्रमांक 29 ने सुरू होत असेल तर गिऱ्हाईक कर्नाटकातले, आणि माल तिकडेच जात असेल तर कर आयजीएसटीच्या रकान्यातच असला पाहिजे.

करांच्या दरांबाबत एक इशारा. 22 सप्टेंबर 2025 पासून दरांची रचना बदलली आणि बहुतेक मालासाठी 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे गेले. त्याआधी छापलेल्या नोट्स आजही काही ठिकाणी वाटल्या जातात. विद्यार्थ्याने आणलेल्या नोट्समध्ये अंगाच्या साबणावर 18 टक्के लिहिलेले दिसले, तर त्या जुन्या आहेत. आता तो 5 टक्क्यांत आहे.

पाचव्या आठवड्यात बँक जुळवणी आणि खरेदीचा 2बीशी मेळ. 2बी दर महिन्याच्या 14 तारखेला तयार होते. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याचे जीएसटीआर-1 11 तारखेपर्यंत आणि 3बी 20 तारखेपर्यंत भरायचे असते, म्हणजे मेळ घालायला मधले सहा दिवसच हाती राहतात. हे वेळापत्रक आम्ही वर्गात तसेच पाळतो. खरेदीची 15 बिले आणि 14 बिलांची 2बी असे कागद देतो. जी दोन बिले 2बीशी जुळत नाहीत, त्यांपैकी एकात पुरवठादाराने विवरणपत्र भरलेले नाही आणि दुसऱ्यात आपल्याच मुलाने बिल क्रमांक चुकीचा टाकला आहे. पहिल्यासाठी पुरवठादाराला फोन करायचा, दुसऱ्यासाठी आपली नोंद सुधारायची. कोणते कोणत्या प्रकारातले हे शोधणे हाच धडा.

इथेच आमची मर्यादाही सांगितली पाहिजे. जीएसटीच्या पोर्टलवर प्रत्यक्ष विवरणपत्र भरण्याचा अनुभव आम्ही देत नाही. ते भरायला खऱ्या व्यापाऱ्याचे खाते लागते, ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो, आणि सरावासाठी कोणाच्याही खात्यात शिरणे योग्य नाही. आम्ही पोर्टलचे पडदे दाखवतो आणि टॅलीतून भरायचे आकडे कागदावर काढून घेतो. ‘लाइव्ह रिटर्न फायलिंग’ अशी जाहिरात कुठे दिसली तर विचारा, कोणाचे रिटर्न, आणि त्या व्यापाऱ्याची परवानगी घेतली आहे का? टीडीएस, पगारपत्रक आणि लेखापरीक्षणासाठी ताळेबंद अंतिम करणे हेही या 90 तासांत येत नाही. ही नावे आमच्या जाहिरातीत नाहीत.

शेवटच्या आठवड्यात चाचणी. तीन तास, 40 सुटे कागद: खरेदी-विक्रीची बिले, परत आलेल्या मालाची एक चिठ्ठी, खर्चाच्या पावत्या आणि महिन्याचा बँकेचा उतारा. कागद मुद्दाम तारखेच्या क्रमाने नसतात, कारण दुकानात ते तसेच मिळतात. नापास कोणी होत नाही. किती कागद बरोबर नोंदले ते प्रमाणपत्रावर लिहिले जाते.

त्या प्रमाणपत्राचा मजकूर असा आहे:

‘श्री./कु. … यांनी दि. … ते दि. … या काळात टॅली प्राइममधील हिशेब व जीएसटीच्या नोंदी यांचे 90 तासांचे प्रशिक्षण घेतले. उपस्थिती … तास. सरावासाठी वापरलेली आवृत्ती … . चाचणीत 40 पैकी … कागदांची नोंद बरोबर. बँक जुळवणी पूर्ण / अपूर्ण. हे खासगी प्रशिक्षण वर्गाचे प्रमाणपत्र आहे. ते शासन, विद्यापीठ किंवा टॅली कंपनी यांनी दिलेले नाही.’

77 तासांपेक्षा कमी उपस्थिती असेल तर हा कागद मिळत नाही, फक्त उपस्थितीचे पत्र मिळते. शेवटची दोन वाक्ये छापू नका, असा आग्रह काही पालक धरतात. त्याने कागदाचे वजन कमी होते असे त्यांना वाटते. आम्ही ती काढणार नाही. मार्केट यार्डातला अडत्या किंवा कर सल्लागार मुलाखतीत प्रमाणपत्रावरचे शिक्के मोजत बसत नाही. तो चार बिले समोर टाकतो आणि नोंद करून दाखव म्हणतो. तेव्हा ‘40 पैकी 34’ हा आकडा मुलाविषयी काहीतरी खरे सांगतो.

‘शासनमान्य’ या शब्दाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वांत जास्त फसवणूक याच शब्दाआडून होते. अनेक वर्गांच्या प्रमाणपत्रांवर उद्यम नोंदणीचा क्रमांक आणि एमएसएमई असे छापलेले असते. ही नोंदणी लहान उद्योग-व्यवसाय म्हणून मालकाने स्वतः दिलेल्या माहितीवर होते. किराणा दुकानालाही ती मिळते. अभ्यासक्रम कोणी तपासला, असा तिचा अर्थ होत नाही. आयएसओ 9001 हे संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीविषयीचे प्रमाणन आहे, मुलाला काय येते याविषयी ते काही सांगत नाही. अभ्यासक्रमाला खरोखर मान्यता असेल तर ती शोधता येते. राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीत बसणाऱ्या अभ्यासक्रमाला संकेतांक, स्तर आणि प्रमाणपत्र देणारी मान्यताप्राप्त संस्था असते आणि त्याची नोंद nqr.gov.in वर असते. राज्याच्या कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाचा अभ्यासक्रम असेल तर मंडळाच्या यादीत त्या संस्थेचे नाव सापडले पाहिजे. वर्गचालकाला एवढेच विचारा: संकेतांक कोणता आणि परीक्षा कोण घेणार? उत्तर मिळाले नाही तर ‘शासनमान्य’ हा शब्द खोडूनच कागद फलकावर लावा. टॅली कंपनीच्या स्वतःच्या परीक्षाही असतात. ज्याला ती द्यायची असेल त्याने अधिकृत केंद्रावर नाव नोंदवून तिची फी तिथेच भरावी. आमच्या फीत ती नाही आणि आमचा कागद तिची जागा घेत नाही.

‘जीएसटी प्रॅक्टिशनर’ हा दर्जाही सहा आठवड्यांत मिळत नाही. त्यासाठी वाणिज्य किंवा तत्सम शाखेची पदवी, पोर्टलवर नोंदणी आणि नासिन या केंद्रीय संस्थेची परीक्षा असा मार्ग आहे. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी या मार्गावर अजून आलेलाच नाही. त्याला ते नाव छापून देणे म्हणजे पुढे त्याला तोंडघशी पाडणे.

श्रेयांकांविषयी तुमच्या प्राध्यापकांकडून आणि विद्यार्थ्यांकडून विचारणा होते, म्हणून तेही लिहितो. राष्ट्रीय श्रेयांक चौकटीत साधारण 30 तासांना एक श्रेयांक धरतात. त्या गणिताने 90 तासांचे तीन होतात खरे, पण ते श्रेयांक विद्यार्थ्याच्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा करण्याचा अधिकार आम्हाला नाही, नोंदणीकृत संस्थेलाच आहे. आमच्या कागदावर श्रेयांक लिहिलेले नसतात. तसेच नव्या अभ्यासक्रमातल्या ऑन जॉब ट्रेनिंगच्या जागी आमचा वर्ग धरू नये. वर्ग हे कामाचे ठिकाण नाही. मुलाला त्यासाठी दुकानात, कारखान्यात किंवा कर सल्लागाराच्या कार्यालयातच बसावे लागेल. आमच्याकडून जाणारा विद्यार्थी तिथे पहिल्या दिवशी बिले नोंदवू शकेल आणि बँकेचा मेळ घालू शकेल, एवढेच आम्ही सांगू शकतो. कोणालाही नोकरीची हमी देत नाही.

विनंती तीन आहेत. आमचा कागद लावायचा ठरवलात तर त्याखाली प्रमाणपत्राचा वरचा मजकूर जसाच्या तसा लावावा. वर्ग सुरू झाल्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात तुमच्या वाणिज्य विभागातील कोणाही प्राध्यापकांनी न कळवता येऊन कोणत्याही संगणकावर 17 तारखेची नोंद करून पाहावी. आणि ज्या विद्यार्थ्याला एकरकमी किंवा दोन हप्त्यांतही 5,400 जमणार नाहीत, त्याचे नाव कॉलेजच्या पत्राने कळवावे. प्रत्येक तुकडीतली एक जागा आम्ही 1,200 रुपयांत देतो. तिच्यासाठी गुणांची अट नाही, फक्त हजेरीची आहे.

प्रवेश एप्रिलच्या शेवटच्या शनिवारपर्यंत. सोबत मागच्या परीक्षेची गुणपत्रिका, एक छायाचित्र आणि पेनड्राइव्ह आणावा. पहिल्या आठवड्यासाठी 200 पानी वही लागेल, तीही आणावी.

कळावे,
आपले विश्वासू,
टॅली व जीएसटी उन्हाळी वर्गाचे प्रशिक्षक, सांगली